सहकाऱ्याकडे अडकलेली रिपोर्टची माहिती मागायची, पण कटकट वाटू द्यायची नाही

प्रश्न: मी जळगावला एका संस्थेत रिपोर्टिंग बघते. जानेवारी ते मार्चचा पाणलोटाचा रिपोर्ट निधी देणाऱ्या कंपनीला २२ एप्रिलला द्यायचाय, बाकी सगळ्यांचं आलंय, फक्त धडगाव साइडचं नानांचं नाही. ८ तारखेला यायला पाहिजे होतं, आज १७. ते वयाने, अनुभवाने मोठे आहेत आणि मी काही त्यांची साहेब नाही. चारदा मेसेज टाकला, दरवेळी "हो ताई, पाठवतो". काल ग्रुपवर विचारलं तर कोणाला तरी म्हणाले म्हणे की ताई फार पाठी लागतात. आता कसं मागू?

उत्तर:

ताई, पाचवा मेसेज टाकायच्या आधी ते चार मेसेज एकदा उघडून बघा, माझ्या अंदाजाने ते "नाना रिपोर्टचं बघा ना", "नाना आज मिळेल का", "नाना प्लीज आज नक्की" असेच असणार. आता त्याला "हो ताई, पाठवतो" सोडून दुसरं उत्तर काय देणार माणूस? तुम्ही कामाबद्दल काही विचारलंच नाहीये, फक्त उशीर झालाय एवढं आठवण करून दिलंय, आणि उशीर झालाय हे त्यांना माहीतच आहे. कटकट वाटते ती इथे. मेसेज चार झाले म्हणून नाही, चारही मेसेजमध्ये नवीन काहीच नव्हतं म्हणून. दिवसातून तीनदा फोन करणारी माणसं कोणाला कटकटी वाटत नाहीत कारण प्रत्येक फोनला वेगळं काम असतं, आणि पंधरा दिवसांतून एकदा "काय झालं हो त्याचं" म्हणणारा माणूस डोकं उठवतो.

मी धुळ्यात बसून बरीच वर्षं हेच काम करते, साक्री, शिरपूर, नंदुरबारकडचे रिपोर्ट एकत्र करायचे, आणि फील्डवरचा अनुभवी माणूस नऊ दिवस माहिती देत नाही तेव्हा मी आळस हे कारण सगळ्यात शेवटी धरते. जो माणूस सातपुड्यात पाड्यापाड्यावर फिरून काम उभं करतो त्याला अर्ध्या पानाचा तक्ता भरायचा कंटाळा येतो हे खरंय, पण कंटाळा आला तर तो दोन-तीन दिवस लावतो, नऊ नाही लावत. नऊ दिवस लागतात तेव्हा बहुतेक वेळा एखादा आकडा अडलेला असतो. तो जुळत नसतो, किंवा तो लिहिला की पुढे प्रश्न येणार हे त्यांना कळत असतं, आणि तो एक आकडा अडला म्हणून बाकीची सगळी माहिती, जी तयारच असते, तीही थांबून राहते. आणि हे ते तुम्हाला मेसेजवर लिहिणार नाहीत, ग्रुपवर तर अजिबात नाही. म्हणून आता तुमचं काम रिपोर्ट मागणं नाहीये, कुठे अडलंय ते काढणं आहे.

त्यासाठी फोनच करा. पण वेळ बघून. एप्रिलात आपल्याकडे फील्डवरची माणसं सकाळी लवकर निघतात आणि बारा ते चार कुठेतरी सावली धरून बसतात, तेव्हा वाटतं की मोकळे असतील, पण तेव्हाच डोकं सगळ्यात तापलेलं असतं आणि डोंगरात रेंजही नसते. नाना शहाद्याला खाली उतरतात त्या दिवशी संध्याकाळी, किंवा सकाळी निघायच्या आधी, असा फोन लावा. त्यांना टाकलेले मेसेज कधी डिलिव्हर होतात ते बघितलं की रेंजमध्ये कधी येतात ते कळतंच. एक टिक दोन दिवस राहिली म्हणजे नाना टाळतायत असं धरून बसू नका, मेसेज अजून डोंगर चढला नाहीये एवढाच त्याचा अर्थ.

आणि हेही लक्षात घ्या की एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांच्या मागे तुम्ही एकट्या नाही. अकाउंटवाल्यांना ३१ मार्चच्या आतली व्हाउचर आणि हजेरीपट पाहिजेत, गावच्या पाणलोट समितीला मजुरीचे पैसे पाहिजेत, होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार आणि मग होळी म्हणून मार्चातले काही दिवस कामच बंद होतं त्याचा बॅकलॉग आहे, आणि वरून जळगावच्या ताई. त्यांच्या फोनवर सगळेच मागणारे. देणारं कोणी नाही. तुमचा फोन वेगळा वाटायचा असेल तर तो काहीतरी देणारा पाहिजे.

फोनवर "का राहिलं" विचारू नका. "का" विचारलं की माणूस कारण सांगायला लागतो, आणि कारण म्हणजे बचाव, त्यातून तुम्हाला आकडा मिळत नाही. त्याऐवजी पर्याय द्या, आणि जो पर्याय सांगायला सगळ्यात अवघड तो तुम्हीच आधी, सहज म्हणून टाका. साधारण असं:

"नाना, नमस्कार, बोलू का दोन मिनिटं? रिपोर्टचं टाइप-बिइप मी बघते, त्याची काळजी नका करू. मला फक्त एवढं सांगा, कुठे अडलंय? बिल आणि मोजमाप जुळत नाहीये का, का एखाद्या पाड्याचं मोजायचंच राहिलंय, का बसायलाच वेळ मिळत नाहीये? मार्च एंडला हे तिन्ही होतंच सगळ्यांचं."

आणि मग गप्प बसा. खरंच गप्प. फोनवर दहा सेकंद शांतता झाली की आपल्याला अवघडल्यासारखं होतं आणि आपण "नाही म्हणजे जमेल तसं द्या नाना, टेन्शन नका घेऊ" असं म्हणून स्वतःच सुटका करून टाकतो त्यांची, मग परत "हो ताई, पाठवतो" आणि फोन बंद.

आता असं केल्यावर समोरून काय येतं त्याचं एक उदाहरण सांगते, आमच्याकडचंच आहे, गावाचं आणि माणसाचं नाव नको, आपण त्यांना आप्पा म्हणू. समतल चराचं काम होतं. चराचा आडवा छेद नेहमीचाच, ६० सें.मी. रुंद आणि ३० सें.मी. खोल, म्हणजे एका मीटर लांबीला ०.१८ घनमीटर खोदाई. आप्पांकडून मला फक्त दोन आकडे पाहिजे होते, तिमाहीत किती मीटर चर झाले आणि खर्च किती, आणि तेवढ्यासाठी सगळा रिपोर्ट खोळंबलेला. वर सांगितलं तसं विचारलं तर जरा वेळाने म्हणाले, "ताई, १,४०० मीटरचं बिल लागलंय हो, पण मोजलं तर १,२५०च भरतंय."

झालं. बाकी सगळं यात होतं. १५० मीटरचा फरक, म्हणजे २७ घनमीटर खोदाई. वरच्या अंगाला मुरूम संपून कातळ लागला, मजूर तिथून सोडून खालच्या पट्ट्यात गेले, राहिलेलं एप्रिलात करू असं ठरलं, आणि समितीने ३१ मार्चच्या आत बसवायचं म्हणून पूर्ण १,४०० चं बिल लावून टाकलं. यात कोणी पैसे खाल्ले नव्हते. पण आप्पांना दिसत होतं की १,४०० लिहिलं तर खोटं ठरतं आणि १,२५० लिहिलं तर अकाउंटवाले विचारणार की मग बिल कसं, म्हणून त्यांनी काहीच लिहिलं नाही. त्यांच्या जागी बसून बघा, काहीच न लिहिणं हाच त्यातल्या त्यात सेफ मार्ग होता.

अशा वेळी तुमच्याकडे उत्तर तयार पाहिजे, कारण अडचण कळली आणि तुम्ही "अरे बापरे" म्हणालात की पुढच्या वेळी ते अडचणही सांगणार नाहीत. उत्तर हे: रिपोर्टमध्ये जेवढं मोजमाप पुस्तिकेत आहे तेवढंच झालेलं काम म्हणून जातं, १,२५० मीटर, २२५ घनमीटर. बाकी १५० मीटर "काम सुरू, कातळामुळे थांबलं, पुढच्या तिमाहीत" असं एका ओळीत. पैशाच्या बाजूला, जास्तीची रक्कम दिली गेली असेल तर ती खर्चात न धरता समितीकडे ॲडव्हान्स म्हणून दाखवायची, नसेल दिली तर बिल दुरुस्त करून घ्यायचं, आणि हे ठरवायला अकाउंटवाल्याला आप्पांनी नाही, तुम्ही फोन करायचा. ही शेवटची गोष्ट फार कामाची. "अकाउंटशी मी बोलते" हे वाक्य ऐकलं की चार दिवस अडलेला माणूस अर्ध्या तासात माहिती देतो, कारण त्याला तो फोन टाळायचा असतो. आप्पांनी त्याच संध्याकाळी डायरीच्या पानाचा फोटो टाकला.

फोटोवरून आठवलं. नानांना एक्सेल किंवा गुगल शीट भरायला सांगू नका, निदान आत्ता तरी. फोनच्या पाच इंची स्क्रीनवर बारा कॉलमचा तक्ता सरकवत भरणं हे आपल्याला ऑफिसात लॅपटॉपवर बसून कळत नाही. डायरीच्या पानाचा फोटो चालेल, मोजमाप पुस्तिकेचा फोटो त्याहून चांगला, व्हॉइस मेसेज पण चालेल. टाइप तुम्ही करा. फक्त उलट वाचून खात्री करून घ्या, कारण हाताने लिहिलेला मराठी १ आणि इंग्रजी नऊ यांचा घोळ नेहमी होतो, त्यात एकाच पानावर दोन्ही आकडे मिसळलेले असतात, आणि १,२५० चं ९,२५० झालं की कंपनीवाला पहिलं तेच पकडतो.

आता फोन झाल्यावर लगेच एक मेसेज टाका. हा मेसेज आठवण करून देणारा नाही, बोलणं झालं त्याची नोंद. त्यात तीनच गोष्टी: काय पाहिजे ते नेमकं, कधीपर्यंत आणि का, आणि नाही मिळालं तर मी काय करणार. नमुना देते, नावं-आकडे तुमचे टाका:

"नाना, नमस्कार. आत्ता बोललो त्याप्रमाणे मला फक्त हे पाहिजे: १) तिन्ही पाड्यांचे मार्चअखेर चर किती मीटर, मोजमाप पुस्तिकेच्या पानाचा फोटो टाकला तरी पुरे. २) गॅबियन बंधारा पूर्ण का अर्धवट. बाकी नावं, गट नंबर, मागची बेरीज मी भरून ठेवली आहे. अकाउंटशी फरकाचं मी उद्या सकाळी बोलते. १९ ला संध्याकाळपर्यंत आलं तर २० ला तुम्हाला पान दाखवून मग २२ ला कंपनीला पाठवते. १९ ला नाही जमलं तर तुमच्या भागात 'मोजमाप सुरू आहे' असं लिहून पाठवीन आणि आकडे नंतर पुरवणी पानात देऊ."

यातलं शेवटचं वाक्य लिहायला लोक घाबरतात, त्यांना ते धमकीसारखं वाटतं. मला उलट वाटतं. धमकी कधी होते, तर "नाही दिलं तर वर कळवावं लागेल" म्हटलं की. इथे तुम्ही फक्त सांगताय की गाडी किती वाजता सुटणार आणि ते नसले तरी सुटणार, मग त्यांना ठरवता येतं की धावायचं का पुढची पकडायची. आणि तुमचंही बरं होतं, १९ नंतर परत विचारायची गरजच उरत नाही, म्हणजे तुम्ही पाठी लागायचं कारणच संपलं. "शक्य तितक्या लवकर" असलं काही लिहू नका, त्याला तारीख नाही म्हणून ते कधीच आजचं काम होत नाही.

पण याला एक मर्यादा आहे आणि ती नीट समजून घ्या, कारण बऱ्याच जणी इथे शॉर्टकट मारतात. "नाही आलं तर मागच्या तिमाहीचाच आकडा टाकते" किंवा "अंदाजे टाकते" हे मीटरच्या बाबतीत चालत नाही आणि पैशाच्या बाबतीत तर अजिबातच नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खालचा, म्हणजे सीएसआरचा, हा निधी असेल, तर २०२१ च्या दुरुस्तीनंतरच्या नियमांप्रमाणे कंपनीच्या सीएफओला प्रमाणित करावं लागतं की दिलेले पैसे ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या पद्धतीने वापरले गेले. तुमचा अंदाज तिथपर्यंत सही होऊन जातो. म्हणून नाही आलं तर रिकामं ठेवून कारण लिहायचं, भरायचं नाही. काय अंदाजाने चालेल, तर बैठकांच्या तारखा, फोटोखालची ओळ, कामाचं वर्णन, असलं. ते तुम्हीच लिहा आणि नानांना वाचून दाखवा.

कारण सांगताना पण "सर मागतायत" असं सांगू नका. सर मागतायत म्हणजे तुम्ही निरोप्या झालात आणि नानांच्या डोक्यात सर विरुद्ध मी असं सुरू झालं. खरं कारण सांगा, आणि एप्रिलात खरं कारण असतं: अनेक वर्षं चालणारा प्रकल्प असेल आणि कंपनीचे त्या वर्षाचे सीएसआरचे पैसे खर्च व्हायचे राहिले असतील, तर आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत ते वेगळ्या बँक खात्यात टाकावे लागतात, म्हणजे ३० एप्रिल. आपल्याकडे किती खर्च झाला आणि किती शिल्लक हे त्यांना त्याआधी कळलं पाहिजे, म्हणून २२ ची तारीख. हे फील्डवरच्या माणसाला कोणी सांगतच नाही. त्यांना वाटतं ऑफिसवाल्यांना रिकामा वेळ आहे म्हणून तारखा काढतात. नाना व्यवहार समजणारे असतील, त्यांना दोन मिनिटं सांगितलं तर त्यांचा तारखेकडे बघायचा सूरच बदलेल.

तक्त्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण अर्धं काम तिथे होतं. कोरा फॉरमॅट पाठवू नका, कोरा फॉरमॅट बघितला की कोणालाही "बसून करू" असं वाटतं आणि बसणं होत नाही. नावं, गट नंबर, पाडा, डिसेंबरअखेर बेरीज, एकक, हे सगळं भरून पाठवा. पण या तिमाहीचा आकडा मात्र मुद्दाम रिकामा ठेवा, त्या रकान्याला पिवळा रंग द्या. काही जणी मदत म्हणून त्यातही आकडा भरतात आणि "बरोबर आहे ना नाना?" विचारतात. मग नाना म्हणतात "हो बरोबर". भरलेल्या आकड्याला हो म्हणणं सोपं असतं, आणि मोठ्या माणसाला वाटतं पोरीने मेहनत घेतलीये, कशाला खोट काढा. तुम्हाला माहिती नाही मिळाली, तुमचाच आकडा परत मिळाला. रिकामा रकाना असला की डायरी उघडावीच लागते. आणि आल्यावर एक साधी तपासणी करा: मार्चअखेर एकूण बेरीज डिसेंबरअखेरपेक्षा कमी आली तर कुठेतरी मागे चूक आहे, आणि तेव्हाही "नाना हे चुकलं" असं न म्हणता "नाना, डिसेंबरला आपण ३,१०० धरलं होतं, आता ३,०५० येतंय, यातलं कुठलं धरू?" असं विचारायचं. निर्णय त्यांचा ठेवायचा.

आता ग्रुपचं. ग्रुपवर विचारलं हे झालं ते झालं, पण तिथे एका माणसाचं नाव घेऊन परत विचारू नका. बाकी सगळ्यांचं आलेलं असताना ग्रुपवर विचारणं म्हणजे हजेरी घेणं आहे, आणि आपल्या भागात मोठ्या माणसाला चारचौघांत असं टोकलं तर तो काम करून देईल पण मनात ठेवेल. खूप जण यावर उपाय म्हणून नाव न घेता टाकतात, "ज्यांची माहिती बाकी आहे त्यांनी कृपया..." ते तर अजून वाईट, सगळ्यांना माहीत असतं कोणाची बाकी आहे. ग्रुपवर आता एवढंच टाका की ज्यांची माहिती आली ती मिळाली, धन्यवाद, रिपोर्ट २२ ला जातोय. बस. नानांचा उल्लेख नको, टोमणा पण नको. आणि नानांशी फोनवर बोलताना कालच्या ग्रुपबद्दल एक वाक्य बोलून टाका, "काल ग्रुपवर विचारलं ते तुमच्यासाठी नको होतं नाना, यापुढे सरळ तुम्हालाच फोन करीन." ते कोणाकडे काय बोलले ते तुम्हाला कळलंय हे मात्र अजिबात दाखवू नका, नाहीतर ज्याने तुम्हाला सांगितलं तोही जातो आणि नानाही.

साहेबांना कधी सांगायचं? ईमेलमध्ये न सांगता सीसी टाकणं हे मला स्वतःला पटत नाही. सीसी बघून माणूस उत्तर देतो पण तुम्हाला नाही, साहेबांना देतो, आणि ते उत्तर आकड्याचं नसतं, स्पष्टीकरणाचं असतं, मोठं तीन परिच्छेदांचं. सांगायचं झालं तर आधी नानांनाच सांगा: "नाना, १९ ला नाही आलं तर मला सरांना सांगावं लागेल की धडगावचा भाग नंतर पुरवणी पानात जाणार, तुमच्याकडे कातळाचं काम अडलंय म्हणून, असं सांगू ना?" बघा, काय सांगणार ते शब्द तुम्ही त्यांना आधी दाखवले, आणि त्यात दोष कामाचा आहे, माणसाचा नाही. यावर बहुतेक वेळा दोनातलं एक होतं, एकतर माहिती येते, नाहीतर ते म्हणतात "मीच बोलतो सरांशी". दोन्ही चालेल. हे सरकारी स्मरणपत्रासारखं करू नका की पहिलं, दुसरं, मग अर्धशासकीय पत्र, प्रत्येक वेळी भाषा एक पायरी कडक. आपल्यासारख्या वीस-पंचवीस माणसांच्या संस्थेत ती कडक भाषा पुढची दोन वर्षं लक्षात राहते आणि पुढच्या आठ रिपोर्टांना तुम्हाला त्याच माणसाकडे जायचंय.

आणि एक, यातलं काहीच लागू होत नाही अशी पण माणसं असतात. फोन उचलतो, हसून बोलतो, अडचण काही नाही म्हणतो, पर्यायांतलं एकही धरत नाही, आणि तरी देत नाही. तसं असेल तर ओळखायची खूण सोपी आहे: त्याला सोपी, वादाची नसलेली एखादी गोष्ट मागा, समजा बैठकीचा एक फोटो. तो लगेच आला तर आकडाच अडलाय, अजून खोदा. तोही नाही आला तर मग वेळ किंवा इच्छा नाहीये, आणि हे तुमच्या मेसेजच्या शब्दांनी सुटणारं नाही, ते काम दुसऱ्या कोणाला तरी देणं किंवा त्याच्या हाताखालच्या जलसेवक पोराकडून थेट मोजमापाचा फोटो घेणं हाच रस्ता. पण त्या पोराला विचारायच्या आधी नानांना कळवा, "तुम्ही फिरतीवर आहात तर भाऊकडून फोटो मागवते, चालेल ना?" नाहीतर ते मागून तपासल्यासारखं होतं.

पुढच्या तिमाहीसाठी आत्ता काही करू नका, एप्रिलात नियम काढले की सगळे चिडतात. जुलैचा रिपोर्ट येईल तेव्हा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, तिमाही संपायच्या आधीच, नानांकडून फक्त मोजमाप पुस्तिकेच्या शेवटच्या पानाचा फोटो मागून घ्या. पाऊस लागला की चांदसैलीच्या घाटात दरड आली वगैरे सुरू होतंच, तेव्हा निदान अर्धे आकडे तुमच्याकडे असतील आणि बिल-मोजमापाचा फरक असला तर तिमाही उघडी असतानाच दिसेल.

आणि समजा १९ ची संध्याकाळ झाली, काहीच आलं नाही. तर नानांना परत मेसेज नको, ठरल्याप्रमाणे करायचं. २० ला सकाळी सरांच्या कानावर घालून कंपनीच्या माणसाला तुमच्याकडून छोटा मेल, तारीख उलटून गेल्यावर नाही, आधी: "रिपोर्ट ठरल्याप्रमाणे २२ एप्रिलला पाठवत आहोत. धडगाव तालुक्यातील समतल चरांचे अंतिम मोजमाप सुरू असल्याने त्या भागाचे भौतिक आणि आर्थिक आकडे २८ एप्रिलपर्यंत पुरवणी पानात देऊ. बाकी सर्व भाग पूर्ण आहेत." २८ लिहा, ३० नको, त्यांना पण दोन दिवस लागतात. आणि हा मेल गेल्यावर त्याचा स्क्रीनशॉट नानांना पाठवा, खाली एवढंच लिहून, "नाना, २८ पर्यंत वेळ घेतलाय, २६ ला सकाळी मी फोन करते, तेव्हा डायरी जवळ ठेवा."